गुठळी होते ती पहिल्या वाटीभर दुधात

व्हाइट सॉसमधली एक गुठळी चमच्याने उचलून ताटलीत ठेवा आणि सुरीने मधोमध कापा. बाहेरून ती चिकट, जराशी पारदर्शक, साबुदाण्याच्या दाण्यासारखी दिसते. आत मात्र पांढरा, कोरडा मैदा असतो, इतका कोरडा की बोटाने चोळला तर पिठासारखा भुरभुरतो. दहा मिनिटं उकळत्या दुधात राहूनही दूध त्या मैद्यापर्यंत पोचलेलं नसतं. आणखी दहा मिनिटं उकळवलं तरी पोचणार नाही. म्हणूनच ‘उकळेल तशा गुठळ्या विरघळतील’ ही आशा धरून कुणी कढईसमोर उभं राहू नये. गुठळी उकळून जात नाही. ती एक तर होऊ द्यायची नाही, नाहीतर गाळून काढायची.

ती होते कशी, हे त्या कापलेल्या गुठळीतच दिसतं. मैद्यात मुख्यतः स्टार्च असतो, सूक्ष्म कणांच्या रूपात. थंड दुधात हे कण नुसते भिजतात, त्यापलीकडे काही करत नाहीत. तापमान साधारण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते दूध शोषून फुगू लागतात आणि चिकट होतात. सॉस दाट होतो तो याच फुगण्यामुळे. आता कोरड्या मैद्याचा एक बारीक गोळा एकदम कढत दुधात पडला असं धरा. त्याच्या बाहेरच्या थरातले कण क्षणात फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि गोळ्याभोवती एक कवच तयार होतं. त्या कवचातून दूध आत जाऊ शकत नाही. पेरून पिठलं करताना घाईने मूठभर बेसन एकाच जागी पडलं तर जे होतं, तेच हे. फरक इतकाच की पिठल्यातली गुठळी आपण कौतुकाने खातो आणि सॉसमधली बाजूला काढतो.

म्हणजे काम एकच आहे: दूध तापून मैदा फुगायच्या आधी त्याचा प्रत्येक कण दुसऱ्या कणापासून सुटा झालेला हवा. ते काम बटर करतं. वितळलेल्या बटरमध्ये मैदा परतला की कणाकणाला तुपाचा पातळ लेप बसतो. मग दूध घातल्यावर कण एकमेकांना चिकटण्याआधी दुधात पसरतात. बटर आणि मैद्याच्या या परतलेल्या मिश्रणाला फ्रेंच स्वयंपाकात ‘रू’ म्हणतात, आणि रू व दूध मिळून जो सॉस होतो तो बेशामेल. चौदाव्या लुईच्या दरबारात लुई द बेशामेय नावाचा एक अधिकारी होता, त्याच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. सॉस त्याने स्वतः ढवळला असेल असं मात्र कुणी म्हणत नाही.

प्रमाणाचा सगळा घोळ एका गोष्टीने सुटतो, आणि ती बहुतेक पाककृतींत स्पष्ट लिहिलेली नसते. सॉस किती दाट होणार हे मैदा आणि दूध यांच्यावर ठरतं. बटरचं काम मैद्याचे कण सुटे ठेवण्याचं आणि चव देण्याचं. त्यामुळे आधी दूध मोजायचं, त्यावरून मैदा ठरवायचा आणि मैद्याच्या वजनाइतकं बटर घ्यायचं. अर्धा लिटर दुधाला 25 ग्रॅम मैदा आणि 25 ग्रॅम बटर घेतलं तर ओतता येण्याजोगा पातळ सॉस होतो, सूपचा पाया म्हणून चालणारा. 40 ग्रॅम आणि 40 ग्रॅम घेतलं तर भाज्यांवर किंवा पास्त्यावर बसून राहील इतका मध्यम. 80 ग्रॅम आणि 80 ग्रॅमला जो होतो त्याला सॉस म्हणायचं की लगदा, हा प्रश्नच आहे. पण कटलेट किंवा क्रोकेटचं सारण बांधायला तोच लागतो, कारण थंड झाल्यावर त्याचे गोळे वळता येतात.

आता चमच्यांची गोष्ट. ‘दोन चमचे बटर, दोन चमचे मैदा, एक कप दूध’ हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी दिलेलं असतं आणि त्यात चूक काही नाही. पण चमच्यांनी सारखं म्हणजे वजनाने सारखं नव्हे. 15 मिलीलिटरच्या मोजमापाच्या चमच्यात सपाट भरलेला मैदा साधारण 8 ग्रॅम बसतो, बटर मात्र 14 ग्रॅम. म्हणजे या प्रमाणात बटर मैद्याच्या जवळजवळ पावणेदोन पट पडतं. सॉस चांगला होतो, फक्त थोडा तुपकट लागतो आणि भट्टीत ठेवला की कडेने पिवळा तवंग सुटू शकतो. खरा गोंधळ वेगळाच आहे. पाककृतीतला ‘टेबलस्पून’ वाचून आपण हातात घेतो तो पोह्याचा चमचा, आणि मैदा भरतो शिगोशीग. बटर कडक असेल तर त्याच चमच्यात ते अर्धंच येतं. अशा वेळी मैदा जास्त आणि बटर कमी पडतं, रू लोण्यासारखा मऊ न होता रव्यासारखा फुटतो, आणि काही कण तुपाशिवाय कोरडेच राहतात. गुठळ्यांची निम्मी कहाणी इथेच लिहिली जाते. घरी वजनकाटा असेल तर तो वापरावा. नसेल तर बटरच्या 100 ग्रॅमच्या पाकिटाचे सुरीने चार सारखे तुकडे करावेत, एक तुकडा 25 ग्रॅमचा. मैद्यासाठी मोजमापाचा चमचा घेऊन सुरीच्या पाठीने सपाट करावा आणि तीन चमचे म्हणजे 25 ग्रॅमच्या जवळपास असं धरावं.

बटरऐवजी तूप चालतं का, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. चालतं. विकतच्या बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून 40 ग्रॅम बटरऐवजी 32 ग्रॅम तूप पुरतं. चव मात्र बदलते. साजूक तुपाचा रवाळ वास दुधावर चढतो आणि सॉस बेसनाच्या लाडवाच्या वाटेने जाऊ लागतो. घरचं लोणी घ्यायचं तर ते नीट धुतलेलं असावं, कारण त्यात ताक उरलेलं असतं. ते वितळवून तडतड थांबेपर्यंत थांबावं आणि मगच मैदा घालावा. बटर मिठाचं असेल, आणि दुकानात बहुधा तेच मिळतं, तर सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी, चव घेऊन घालावं.

चौघांच्या बेक्ड व्हेजिटेबलसाठी मध्यम सॉस करू. अर्धा लिटर दूध, 40 ग्रॅम बटर, 40 ग्रॅम मैदा, म्हणजे पाच सपाट चमचे. दूध फुल क्रीम असेल तर सॉस अंगाने भरलेला होतो, टोण्डही चालतं. सकाळी तापवून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध असेल तर ते आधी गाळून घ्यावं. सायीचे बारीक तुकडे सॉसमध्ये तरंगू लागले की ते हुबेहूब गुठळ्यांसारखे दिसतात, आणि नसलेल्या गुठळ्या मोडण्यात हात दुखतो. दुधात अर्धा कांदा, दोन लवंगा आणि तमालपत्र घालून ते वीस मिनिटं मंद तापवून गाळून घ्यायची जुनी फ्रेंच पद्धत आहे. सवड असेल तर जरूर करावी. पण मग ते दूध निदान कोमट होऊ द्यावं.

भांडं जाड बुडाचं घ्यावं, कल्हईचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तारेच्या फेटणीने घोटलं तर भांड्याची खरवड सॉसमध्ये उतरते आणि पांढरा सॉस राखाडी होतो. पाहुण्यांसमोर तो कशामुळे राखाडी झाला हे सांगत बसावं लागतं.

मंद आचेवर बटर वितळवा, ते लालसर होऊ देऊ नका. फेस बसू लागला की मैदा एकदम घाला आणि लाकडी उलथन्याने भांड्याचा तळ आणि कोपरे घासत परता. सुरुवातीला मिश्रण घट्ट गोळ्यासारखं फिरतं, मग मिनिटाभरात सैल होऊन त्याला बारीक बुडबुडे येऊ लागतात. या टप्प्यावर वास बदलतो. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येतो. दीड ते दोन मिनिटं पुरे. रंग फिकट पिवळाच राहायला हवा. तपकिरी रूचे वेगळे उपयोग आहेत, पण पीठ जितकं जास्त भाजाल तितकी त्याची दाटपणा आणायची शक्ती कमी होते. भाजण्याच्या उष्णतेने स्टार्चचे लांब धागे तुटतात, म्हणून तपकिरी रूला तेवढाच दाटपणा आणायला जास्त मैदा लागतो.

आता भांडं आचेवरून खाली उतरवा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि खरं तर सगळा खेळ इथेच आहे. अर्धा लिटर दुधातलं पहिलं 100 मिलीलिटर, म्हणजे एक छोटी वाटी, घाला आणि उरलेल्या दुधाला हात लावू नका. दूध फ्रिजमधलं गार असेल तर गरम रूत पडल्यावर मिश्रण कोमटच होतं, साठ अंशांच्या खालीच राहतं. मैद्याला फुगायला पुरेशी उष्णता नसते, त्यामुळे तुमच्या हाती वेळ असतो. त्या वेळात फेटणीने जोर लावून घोटा. मिश्रण आधी फुटल्यासारखं, दह्यासारखं दिसतं. घाबरून आणखी दूध ओतू नका. दहा-पंधरा सेकंदांत ते एकजीव होऊन भांड्याच्या कडांपासून सुटणारी घट्ट, चकचकीत पेस्ट तयार होते. या क्षणी भांड्यात एकही गुठळी नसावी, आणि असेल तर मोडायची हीच वेळ.

हीच का, याचं कारण साधं आहे. घट्ट पेस्टमध्ये गुठळीला पळायला जागा नसते. फेटणीच्या तारांनी ओढलं की आजूबाजूची पेस्ट तिला दोन्ही बाजूंनी ताणते आणि ती फुटते. पातळ दुधात तीच गुठळी तारांच्या मधून निसटते, तरंगत दुसरीकडे जाते, तुम्ही तिच्यामागे जाता आणि ती पुन्हा निसटते. अर्धा लिटर दूध एकदम ओतलं की सुरुवातीलाच ही दुसरी परिस्थिती तयार होते. म्हणून दूध थोडं थोडं घालावं, आणि पहिलं दूध सगळ्यात थोडं. पेस्ट गुळगुळीत झाली की दुसरं 100 मिलीलिटर घाला आणि पुन्हा घोटा, आता ती रवाळ श्रीखंडाऐवजी सैल क्रीमसारखी होईल. त्यानंतर उरलेलं 300 मिलीलिटर एका धारेत, ढवळत, घालता येतं. कण आता एकमेकांपासून पुरेसे दूर गेलेले असतात, आता दुधाने काही बिघडत नाही.

गरम दूध वापरावं असं पुष्कळ हॉटेलांतले आचारी सांगतात, आणि त्यांचंही चुकत नाही. मोठ्या भांड्यातला सॉस लवकर उकळीला यावा म्हणून ते तसं करतात, आणि त्यांचा हात सतत फिरत असतो. पण उकळतं दूध गरम रूवर पडलं की मैदा त्या क्षणीच फुगू लागतो आणि घोटायला वेळच उरत नाही. घरी हा धोका कशाला पत्करायचा? रू गरम असेल तर दूध गार घ्यावं. रू आधी करून ठेवून गार झाला असेल तर दूध कढत चालेल. दोन्ही एकाच वेळी तापलेलं नसलं म्हणजे झालं. आणखी एक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये डेलिया स्मिथ यांच्या पाककृतींमुळे घराघरात पोचलेला तो मार्ग असा की गार दूध, मैदा आणि बटर तिन्ही एकाच वेळी भांड्यात घालायचं आणि उकळी येईपर्यंत फेटणी थांबवायची नाही. तोही चालतो, कारण मैदा गार दुधात आधीच पसरलेला असतो. फक्त मध्येच फोन वाजला तर तळाशी थर बसतो. आणि मैदा बटरमध्ये परतला जात नाही, तो बिस्किटासारखा वास त्या सॉसला येत नाही.

सगळं दूध मिसळल्यावर भांडं पुन्हा मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहा. काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि मैदा कमी पडला की काय, अशी शंका येते. इथे घाईने कोरडा मैदा भुरभुरायचा मोह आवरावा. पूर्ण दाटपणा उकळीच्या अगदी जवळ येतो. कडेने बुडबुडे फुटू लागले की सॉस बघता बघता चमच्याला धरू लागतो. त्यानंतर आच अगदी मंद करून आणखी आठ-दहा मिनिटं शिजू द्या, दर अर्ध्या मिनिटाला तळ खरवडत. हा वेळ वाचवला तर सॉस दाट दिसतो, पण जिभेला कच्च्या पिठाचा खडबडीतपणा लागतो आणि लोक त्याला गुठळ्या समजतात. तयार झालेला सॉस ओळखायचा असा: चमचा बुडवून बाहेर काढा, पाठीवर बोटाने एक रेघ ओढा. रेघेच्या कडा आत ओघळल्या नाहीत तर मध्यम सॉस जमला. बेक करायचा असेल तर मी याहून किंचित पातळ ठेवते, कारण भट्टीत आणि गार होताना तो आणखी घट्ट होतो.

शेवटी मीठ, पांढरी मिरपूड आणि किसलेलं जायफळ. आपल्याकडे जायफळ म्हटलं की पुरणपोळी आणि श्रीखंड डोळ्यापुढे येतं, त्यामुळे इथे घालायला हात कचरतो. पण दूध-मैद्याचा सपकपणा मोडायला दुसरं काही इतकं चालत नाही. अर्धा लिटरला दोन-तीन वेळा किसणीवर फिरवलेलं पुरतं. चीज घालायचं तर आच बंद करून घालावं. प्रोसेस्ड चीज सरळ वितळतं, पण खरं चेडर उकळत्या सॉसमध्ये घातलं तर त्याचं तूप सुटतं आणि सॉस कणीदार होतो.

इतकं करूनही गुठळ्या झाल्याच तर काय? पहिल्या पेस्टच्या टप्प्यावर लक्षात आलं तर दूध न घालता घोटत राहा, बहुतेक सुटतात. सगळं दूध घातल्यावर दिसल्या तर आच लगेच बंद करा. बारीक जाळीच्या गाळणीतून सॉस ओता आणि चमच्याच्या पाठीने फक्त हलका दाब द्या. कवच फोडून आतला कोरडा मैदा खाली ढकलला तर तो पुन्हा सॉसमध्ये मिसळेल आणि उकळी आली की नव्या बारीक गुठळ्या करेल. मिक्सरमध्ये फिरवता येतं, पण सॉस जरा निवू द्यावा, भांडं अर्धंच भरावं आणि दोनच झटके द्यावेत. जास्त फिरवलं तर फुगलेले कण फुटतात आणि सॉस खळीसारखा ओढला जाऊ लागतो.

गाळलेल्या सॉसचं एक लक्षात घ्यावं. गाळणीत जितका मैदा राहिला तितका सॉसमध्ये कमी झाला, म्हणून तो पातळ होतो. मोठ्या गुठळ्या झाल्या तर 40 ग्रॅमच्या सॉसचा 30 ग्रॅमचा सॉस व्हायला वेळ लागत नाही. तो पुन्हा दाट करायला 10 ग्रॅम मऊ बटर आणि 10 ग्रॅम मैदा बोटांनी मळून एकजीव करा, शेंगदाण्याएवढे गोळे करा आणि मंद उकळत्या सॉसमध्ये एकेक टाकत फेटा. बटर वितळत जातं तसा मैदा सुटा होऊन पसरतो, त्यामुळे यात गुठळी होत नाही. मग पुन्हा पाच मिनिटं शिजवा, कारण हा मैदा अजून कच्चा आहे.

दूध बुडाला लागलं असेल तर मात्र खरवडू नका. वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चव घ्या. जळका वास उतरला असेल तर कितीही जायफळ घातलं तरी तो जात नाही.

आधी करून ठेवायचा असेल तर वर पापुद्रा धरू नये म्हणून गरम असतानाच बटरचा तुकडा पृष्ठभागावर फिरवा, किंवा बटर पेपर सॉसला टेकेल असा ठेवा. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. काढल्यावर तो दगडी दह्यासारखा घट्ट दिसतो. मंद आचेवर आधी तसाच फेटून सैल करा आणि मग लागेल तसं, एका वेळी दोनच चमचे, दूध घाला. फ्रीजरमध्ये ठेवू नये. गोठून वितळला की त्यातलं पाणी वेगळं सुटतं.